खांदा सरकवून पाहा, मॅडम

नात परवा माझा एक जुना फोटो घेऊन आली. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात खोचलेला लाल पेन, हातात डस्टर, आणि चेहऱ्यावर असा भाव की पृथ्वी फिरते ती या बाईच्या परवानगीनं. "आजी, ही कोण?" मी म्हटलं, "होती एक बाई. गोंदियाच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिक्स शिकवायची. फार हुशार होती, असं तिचं मत होतं."

ती बाई मीच. वय तेव्हा चाळिशीच्या थोडं पुढं, साल दोन हजार दोन किंवा तीन. अंबाड्यातला पेन ही माझी शान होती. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की मी पेन हळूच उपसायची, आणि पोरांचा श्वास अडकायचा. एकदा पेन समजून अंबाड्यातला आकडाच उपसला, केस सगळे खांद्यावर आले, आणि पुढची पाच मिनिटं मी काही झालंच नाही अशा थाटात शिकवत राहिले. फोटोत तो प्रसंग नाही, हे बरं.

प्रथम वर्षाला मी शिकवायची स्टॅटिक्स. म्हणजे स्थिर राहिलेल्या वस्तूंचं गणित. दोन आधारांवर ठेवलेली तुळई असते, तिच्यावर भार असतात, आणि प्रत्येक आधार खालून किती जोर लावून राहिला ते काढायचं. त्या जोराला आम्ही रिअॅक्शन म्हणतो. काढायची रीत सोपी. एका आधारावर उभं राहून सगळ्यांचे मोमेंट घ्यायचे, म्हणजे भार गुणिले अंतर. त्यातून दुसऱ्या आधाराची रिअॅक्शन मिळते. मग एकूण भारातून ती वजा केली की पहिल्याची मिळते.

आणि शेवटी पडताळा. फळ्यावर मी दर वर्षी मोठ्या अक्षरांत लिहायची: वरचे जोर बरोबर खालचे भार, तर गणित बरोबर. खाली दोन रेघा ओढायची. दुसरी रेघ ओढताना खडू मोडायचा, तोही मला विजयाचा आवाज वाटायचा.

आता यातली गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दुसरी रिअॅक्शन मी वजाबाकी करूनच काढली होती. मग दोन्हींची बेरीज एकूण भाराइतकी येणारच! छत्तिसातून चोवीस वजा केले, बारा आले. आता बारा आणि चोवीस मिळवून छत्तीस आले म्हणून टाळ्या वाजवायच्या. ज्यानं गोष्ट सांगितली त्यालाच विचारायचं, "खरं सांगितलंस ना?" तो काय म्हणणार आहे? पण ती बाई पंधरा वर्षं टाळ्या वाजवत होती.

त्या वर्षी पहिल्या चाचणीला मी एक तुळई दिली. आधार ए डाव्या टोकाला, आधार बी तिथून सहा मीटरवर, आणि तुळई बीच्या पुढं आणखी दोन मीटर बाहेर निघालेली. त्या मोकळ्या टोकाला नाव सी. सीवर बारा किलोन्यूटनचा भार टांगलेला. आणि चार मीटर लांबीवर सारखा पसरलेला भार, मीटरला सहा, म्हणजे एकूण चोवीस.

हे गणित माझ्या नोट्समध्ये आधीपासून होतं. नोट्समध्ये पसरलेला भार एपासूनच सुरू व्हायचा. पोरं माझ्या नोट्सच्या झेरॉक्स पाठ करून येतात हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मनातल्या मनात हसत आकृती बदलली. भार उचलून दोन मीटर उजवीकडे सरकवला, आता तो एपासून दोन मीटरवर सुरू होऊन बीपाशी संपत होता. म्हटलं, बघू आता कोण पाठ करून येतं.

उत्तर मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता काढलं. ए बारा, बी चोवीस. बेरीज छत्तीस. बरोबरची खूण.

पेपर तपासायला बसले तर काय आनंद! एका वर्गात सगळ्यांचं उत्तर बारा आणि चोवीस. मी प्रयोगशाळेतल्या मामांना बोलावून दाखवलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक, तिरोड्याकडचे, नोकरीत माझ्याहून जुने. म्हटलं, "मामा, बघा. याला म्हणतात शिकवणं."

मामांनी गठ्ठा चाळला. "सब एकच लिहून राहिले, बाई?"

"एक पोरगी सोडून."

"तिनं काऊन वेगळं लिहिलं?"

"तिचं लक्ष नसतं," मी म्हटलं, आणि तिच्या पेपरवर सहापैकी शून्य दिलं. पायऱ्या बघितल्याच नाहीत. शेवटी चौकटीत तिनं लिहिलं होतं: ए चार, बी बत्तीस. चौकट चुकली म्हणजे सगळं चुकलं, असा त्या बाईचा कायदा.

ती पोरगी दवनीवाड्याची. एसटीनं यायची. घरी धानाची शेती, आणि ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती दोन-अडीच आठवडे वर्गात नव्हती. तेव्हा मी हजेरी घेताना तिच्या नावावर थांबून म्हणायची, "चिखलात असेल." वर्ग हसायचा. हे आठवलं की आजही मी त्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालते, मनातल्या मनात.

दुसऱ्या चाचणीनंतर मी दोन्हींचे मार्क नोटीस बोर्डावर लावले. आमच्या कॉलेजचा नियम असा की दोन चाचण्या मिळून पन्नासपैकी वीस पाहिजेत. तेवढे नसतील तर टर्म ग्रँट नाही, टर्म नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही म्हणजे वर्ष गेलं. सगळ्या वर्गात एकच पोरगी विसाच्या खाली होती. अठरा.

फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा ती स्टाफरूमच्या दारात आली. हातात पहिल्या चाचणीचा पेपर.

"मॅडम, मले दोन मार्क कमी पडून राहिले."

"ते तू मला विचारतेस? अभ्यासाला विचार."

"हे गणित एकदा पाहून घ्या ना जी."

मी न पाहताच म्हटलं, "बरं. तुझी जर्नल नीट आहे. दोन मार्क मी तिकडून देते. वीस होतील. जा, फॉर्म भर."

मला वाटलं, मी केवढी उदार! आता ही डोळ्यांत पाणी आणून थँक्यू म्हणणार. तिनं पेपर माझ्या टेबलावर ठेवला.

"दोन कायले जी, मॅडम? गणित बरोबर असंल त सहा द्या. चूक असंल त शून्य राहू द्या."

कोपऱ्यात स्प्रिंग बॅलन्स पुसत बसलेल्या मामांचा हात थांबला.

"वर्ष जाईल तुझं," मी म्हटलं.

"बाबा म्हणून राहिले का एकदा शहरात पाठवलं, दुसऱ्यांदा नाही पाठवत. मग रोवणीच आहे." ती हे रडून नाही बोलली. एसटी किती वाजता सुटते ते सांगावं तशी बोलली. "म्हणून त सांगतो, पाहून घ्या. गणित माझं बरोबर आहे जी."

आता त्या बाईला राग आला. तिनं अंबाड्यातला पेन उपसला. म्हटलं, "ये. पडताळा कसा करतात, शिकवते तुला." तिच्या पेपरवर लाल शाईनं लिहिलं: चार अधिक बत्तीस.

छत्तीस.

मग शेजारी माझं लिहिलं: बारा अधिक चोवीस. छत्तीस.

मी दोन्हींकडे पाहिलं. माझा पडताळा, ज्याच्या खाली पंधरा वर्षं दोन रेघा ओढल्या होत्या, तो दोघींनाही "बरोबर" म्हणून मोकळा झाला होता. मामांनी मान लांब करून पाहिलं. "आता कसं करता, बाई? दोघीही पास!"

"मामा, तुम्ही बॅलन्स पुसा."

पोरगी म्हणाली, "मॅडम, बेरजेनं नाही समजणार जी. खांदा सरकवून पाहा."

"काय सरकवून?"

"खांदा जी. आमचे बाबा कावडीनं धानाचे भारे आणतात ना. दोन्हीकडचे भारे मिळून वजन किती, ते खांद्याले समजते. पण भारा दांडीवर कुठं बांधला, ते खांद्याले नाही समजत. खांदा थोडा सरकवला का दांडी लगेच एकीकडे झुकते. मग समजते."

आता लिहिताना वाटतं, एवढं स्वच्छ वाक्य मी पंधरा वर्षांत फळ्यावर लिहिलं नव्हतं. बेरजेला वजन दिसतं, जागा दिसत नाही. तेव्हा मात्र मी म्हटलं, "इथं कावड नाही, तुळई आहे. शास्त्रीय भाषेत बोल."

"म्हणजे दुसऱ्या पॉइंटवर मोमेंट घ्या."

मामा खोकले. तो खोकला नव्हता.

मी कागद ओढला. ए आणि बी सोडून सीवर उभी राहिले, मोकळ्या टोकाला. ते टोक मी मुद्दाम निवडलं. तिथला बाराचा भार पायाखालीच असतो, त्याचं अंतर शून्य, म्हणून तो हिशेबातून जातो. आणि दोन्ही रिअॅक्शन मात्र हिशेबात राहतात, दोघींची परीक्षा होते. आणि अंतरं पहिल्या कागदावरून उतरवली नाहीत, आकृतीवरून नव्यानं मोजली. एवढी अक्कल त्या बाईला होती, तेवढं श्रेय तिला देऊ.

आधी पोरगीचं. ए सीपासून आठ मीटर, चार गुणिले आठ बत्तीस. बी दोन मीटर, बत्तीस गुणिले दोन चौसष्ट. मिळून शहाण्णव. समोरून पसरलेला भार: चोवीस, त्याचा मध्य सीपासून चार मीटर, शहाण्णव. शहाण्णवला शहाण्णव. दांडी सरळ.

मग माझं. बारा गुणिले आठ शहाण्णव. चोवीस गुणिले दोन अठ्ठेचाळीस. मिळून एकशे चव्वेचाळीस. समोर तेच शहाण्णव.

अठ्ठेचाळीसचा फरक.

"तुमची दांडी झुकून राहिली, बाई," मामा म्हणाले.

मी म्हटलं, पॉइंट चुकीचा निवडला असेन. आता हे वाक्य कुणी विद्यार्थी बोलला असता तर त्याला वर्गाबाहेर काढला असता, कारण पॉइंट कधी चुकीचा नसतोच. तुळई स्थिर असेल तर कुठूनही पाहा, स्थिरच दिसते. पण त्या बाईला आशा सोडवत नव्हती. मी तुळईच्याही बाहेर गेले. एच्या डाव्या बाजूला दोन मीटरवर, चक्क हवेत, एक पॉइंट धरला. तिथून माझ्या रिअॅक्शनचे मोमेंट चोवीस आणि एकशे ब्याण्णव, मिळून दोनशे सोळा. भारांचे एकशे चव्वेचाळीस आणि एकशे वीस, दोनशे चौसष्ट.

पुन्हा अठ्ठेचाळीस.

दांडी एकदा झुकली तर चूक म्हणता येते. दोन्ही टोकांकडून तेवढीच झुकली, तर ती चूक आपलं नाव सांगत असते. जोरांची बेरीज जुळलेली असली की उरलेला फरक कुठूनही पाहिला तरी तेवढाच राहतो. मी अठ्ठेचाळीसकडे बघत बसले. अठ्ठेचाळीस म्हणजे चोवीस गुणिले दोन. चोवीस माझा पसरलेला भार. आणि दोन?

दोन मीटर. मी भार सरकवला होता ते दोन मीटर.

पोरांनी नक्कल करू नये म्हणून मी आकृतीतला भार सरकवला, आणि गणितातलं अंतर मात्र नोट्समधलंच ठेवलं. आता भाराचा मध्य एपासून चार मीटरवर होता; मी चहाचा घोट घेत दोनच लिहिले होते. बारा आणि चोवीस हे जुन्या आकृतीचं उत्तर. नक्कल पकडायला लावलेल्या फाशात पहिली अडकली ती मीच. आणि ज्या उत्तरांवर मी "याला म्हणतात शिकवणं" म्हणून नाचले, ती सगळी माझ्या झेरॉक्सवरून आलेली होती! एकाही पोरानं आकृतीकडे पाहिलं नव्हतं, जशी मी पाहिली नव्हती.

"तू नोट्स नाही घेतल्या?" मी विचारलं.

"मी रोवणीत होतो ना जी तेव्हा. मग लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकलो."

मी तेव्हा पहिल्यांदा तिच्या पायऱ्या वाचल्या. तिनं वजाबाकी केलीच नव्हती. एवर उभं राहून बीची रिअॅक्शन काढली होती, बत्तीस. मग बीवर उभं राहून, नव्यानं अंतरं मोजून, एची वेगळी काढली होती, चार. आणि मग बेरीज, छत्तीस. तिच्या कागदावर ती बेरीज खरा पडताळा होती, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटेनं आले होते. माझी चूक तिनं केली असती तर चोवीस आणि चार आले असते, अठ्ठावीस झाले असते, आणि हरवलेले आठ लगेच ओरडले असते. तीच बेरीज, तिच्या हातात जिवंत आणि माझ्या हातात नुसती शोभेची.

"काऊन शून्य दिलं होतं जी मॅडम?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, तेच जास्त लागलं.

"चौकट पाहून दिलं," मी म्हटलं.

"आणि मी म्हटलं का तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला," मामा म्हणाले.

शून्य खोडून मी सहा लिहिले. अठरा अधिक सहा, चोवीस. बेरीज तिनं दोनदा पाहिली, वरून खाली आणि खालून वर.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर लिहिलं: बारा, चोवीस, चूक. वर्गात एकच गलका. मागून एकजण उठला. "मॅडम, ये तो आपका ही आन्सर है! आम्ही तसंच लिहिलं!"

"माझं आहे. म्हणूनच चूक आहे," मी म्हटलं. "पण तू आकृती पाहून लिहिलंस ना?"

"हो मॅडम."

"भार कुठून सुरू होत होता?"

तो बसला. त्याच्यासोबत आजूबाजूचे चार-पाच जणही उगाच खाली पाहू लागले.

त्या गणिताचे सहा मार्क मी तिचे सोडून बाकी सगळ्यांचे परत घेतले आणि तिथंच दुसरी तुळई दिली, भार आणखी वेगळ्या जागी सरकवून. अट एकच: उत्तराखाली पडताळा पाहिजे, आणि तो अशा पॉइंटवर, जिथून उत्तर काढलेलं नाही. बेरजेच्या पडताळ्याला मार्क नाहीत. पोरं कुरकुरली, पण बसली. मी स्वतःही मागच्या बाकावर बसून तेच गणित सोडवलं आणि माझा कागद मामांकडे तपासायला दिला. मामांनी तो उलटासुलटा केला आणि खाली लिहिलं, "ठीक. पण अक्षर सुधारा." वर्ग पाच मिनिटं हसला. कुणाची टर्म अडकली नाही. दोघा-तिघांचे आकडे मात्र घसरले, आणि ते मला पुढं महिनाभर कॉरिडॉरमध्ये दिसलेच नाहीत.

त्या दिवशी दुपारी ती पोरगी फॉर्म घेऊन आली. टर्म ग्रँटच्या रकान्यात मी सही केली. तिनं फॉर्म उचलला नाही. वाचत उभी राहिली.

"आता काय?" मी म्हटलं. "सहीपण खांदा सरकवून पाहतेस?"

"मॅडम, तुमी सही माझ्या रकान्यात करून राहिल्या. तुमचा रकाना खालचा आहे."

खरंच होतं. मी खालच्या रकान्यात पुन्हा सही केली, वरची खोडून शेजारी लहान सही मारली. तिनं फॉर्म एकदा वरून खाली वाचला, मग खालून वर, आणि मगच घडी घालून वहीत ठेवला. मामा म्हणाले, "जा बाप्पा लवकर, खिडकी बंद होऊन जाईल." ती पळत गेली. मी खिडकीतून पाहत होते. ऑफिसच्या खिडकीत फॉर्म गेला, पावती बाहेर आली, तिनं तीही वाचली.

अंबाड्यातला लाल पेन मी त्या दिवसापासून टेबलाच्या खणात ठेवायला लागले. रिटायर होईस्तोवर माझी प्रत्येक नमुना उत्तरपत्रिका मी आधी वेगळ्या पॉइंटवरून तपासायची, आणि मग मामांना दाखवायची. ते काही बघायचे नाहीत. "दांडी सरळ आहे?" एवढंच विचारायचे.

नातीला फोटो परत देताना मी तिला सांगितलं, ती हुशार बाई खरंच हुशार झाली, पण फोटो काढल्यानंतर. नातीनं फोटो आडवा धरून पाहिला आणि म्हणाली, "आजी, इथून पाहिलं तर तू पडून राहिली आहेस."

नात बरोबर वाटेवर आहे.